दोघांशी बोलणे आणि एकावर थांबणे

डेटिंग अ‍ॅपवर किंवा विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख झाल्यावर सुरुवातीला दोन जणांशी बोलणे चालू असेल, तर ती फसवणूक ठरत नाही. या टप्प्यावर कोणी कोणाला शब्द दिलेला नसतो. ठरवून केलेल्या लग्नांतही एका वेळी दोन-तीन स्थळे पाहिली जात आणि दोन्ही घरांना त्याची कल्पना असे. तिथे होकार-नकार पोचवायला मध्यस्थ असे. अ‍ॅपवर ते काम बोलणाऱ्यालाच करावे लागते. ते कधी आणि कसे करावे, यावर सारा प्रामाणिकपणा अवलंबून असतो.

पहिल्याच दिवशी सगळे सांगण्याची गरज नसते. मात्र समोरच्याचा ‘आपण दोघेच आहोत’ असा समज होऊ लागला, की गप्प राहणे खोटे बोलण्याइतकेच ठरते. साधारणपणे दुसरी भेट ठरवताना सांगून टाकावे. वाक्य साधे असावे : ‘‘मी सध्या आणखी एकाला भेटतेय. अजून काही ठरलेलं नाही, पण तुला माहीत असावं म्हणून सांगतेय. तुझं काय चाललंय?’’ तिसऱ्या व्यक्तीचे नाव, नोकरी, स्वभाव यांतले काही सांगू नये. ती माहिती विश्वासाने दिलेली असते. ‘‘मला हे जमणार नाही,’’ असे उत्तर आले तर मन वळवत बसू नये. शारीरिक जवळीक होणार असेल, तर दुसऱ्या कोणाशी तसा संबंध आहे का हे त्याआधीच सांगायला हवे, कारण तिथे समोरच्याच्या आरोग्याचाही प्रश्न असतो.

समजा, पुण्यातील 29 वर्षांची एक तरुणी दोघांशी बोलते आहे. एक कोथरूडचा, त्याच्याशी दोन भेटी झाल्या आहेत. दुसरा ठाण्याचा, त्याच्याशी एक भेट आणि बरेच फोन झाले आहेत. तिने दोघांनाही खरे सांगितले. कोथरूडच्या मुलाने ‘‘माझंही तसंच आहे,’’ म्हटले. ठाण्याचा दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, ‘‘चालेल, पण ठरलं की लगेच कळव.’’ तिसऱ्या भेटीनंतर कोथरूडच्या मुलाने तिला रविवारी बहिणीच्या घरी जेवायला बोलावले.

निर्णयाची वेळ इथे आली. तिचे मन अजून ठरलेले नव्हते, पण तो मात्र पुढे सरकला होता. एकावर थांबण्याची वेळ स्वतःची खात्री पटण्यावर ठरत नाही. समोरचा किती गुंतला आहे, यावर ठरते. घरच्यांशी ओळख करून देणे, इतर स्थळांना नकार कळवणे, भेटीसाठी सुट्टी काढून दुसऱ्या शहरातून येणे, पुढच्या काही महिन्यांचे बेत दोघांचे म्हणून आखणे या त्याच्या खुणा आहेत. यांतली एक दिसली, की त्या आठवड्यातच निर्णय घ्यावा. नाहीतर आमंत्रण पुढे ढकलून त्याचे खरे कारण सांगावे. दुसरी खूण स्वतःकडची असते : फोन उलटा ठेवावासा वाटू लागला, की गोष्ट लांबली असे समजावे.

निवड करताना एक चूक नेहमी होते. दोघांना एकमेकांशेजारी ठेवून तोलले जाते आणि एकाचा दोष दुसऱ्याचा गुण वाटू लागतो. ठाण्याचा मुलगा मेसेजला उशिरा उत्तर देतो, एवढ्यावरून कोथरूडचा तिला अधिक जवळचा वाटत होता. म्हणून प्रत्येकाबद्दल वेगळा प्रश्न विचारावा : दुसरा नसताच, तर याला पुन्हा भेटावेसे वाटले असते का? त्यानंतर स्वतःला महत्त्वाच्या असलेल्या दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. तिच्यासाठी आईवडिलांच्या जवळ पुण्यात राहणे महत्त्वाचे होते. ठाण्याच्या मुलाने पुण्यात यायची तयारी स्पष्टपणे दाखवली होती. कोथरूडच्या मुलाला परदेशी नोकरी खुणावत होती आणि या विषयावर त्याने दोनदा बोलणे टाळले होते. तिने ठाण्याच्या मुलाची निवड केली.

नकार त्याच दिवशी द्यावा. दोन-तीनदा भेट झालेली असेल तर फोन करावा. केवळ चॅट असेल तर मेसेज पुरतो. ‘‘मी एका व्यक्तीबरोबर पुढे जायचं ठरवलंय, म्हणून आपलं बोलणं इथे थांबवूया. रविवारचं आमंत्रण मनापासून होतं, ते मला कळलं,’’ एवढे पुरे. तुलना करू नये. ‘‘सध्या कामाची गडबड आहे’’ असेही म्हणू नये, कारण समोरचा मग गडबड संपण्याची वाट पाहत राहतो. उत्तरे देणे हळूहळू बंद करण्यानेही हेच होते.

एकाला नकार दिला म्हणून दुसऱ्याशी नाते ठरले, असे होत नाही. ज्याची निवड केली त्यालाही सांगावे, की आता दुसऱ्या कोणाशी बोलणे चालू नाही, आणि त्याची तीच तयारी आहे का हे विचारावे. त्याला वेळ हवा असेल तर किती, हे बोलून घ्यावे. पुढे हे जुळले नाही आणि आधीच्या व्यक्तीकडे परत जावेसे वाटले, तर मधल्या काळात काय घडले ते सांगूनच जावे. पुन्हा बोलायचे की नाही, हे मग त्या व्यक्तीने ठरवायचे असते.