मुखपृष्ठ तपासताना

दिवाळीच्या तोंडावर पुस्तकांच्या दुकानात अंक क्वचितच सुटे, पूर्ण दिसतात. ते एकावर एक सरकवून मांडलेले असतात, नाहीतर तारेला चिमट्यांनी लटकवलेले. बहुतेक अंकांची वरची दोन-अडीच इंचांची पट्टी तेवढी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडते. म्हणून मुखपृष्ठाचं परीक्षण ‘चित्र छान आहे का’ या प्रश्नापासून सुरू करू नये. या पट्टीत अंकाचं नाव वाचता येतं का, हे आधी पाहावं.

समजा, ‘गुलमोहर’ नावाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छपाईआधी आपल्यासमोर आलं आहे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. मागे केशरी उजेड, त्यावर पिवळ्या अक्षरांत नाव. स्त्रीचा अंबाडा नावाच्या डाव्या बाजूवर आला आहे. खाली चौदा लेखकांची नावं, सगळी एकाच मापात.

आधी नाव पाहू. कागद भिंतीला लावून सात-आठ फुटांवर उभं राहायचं आणि डोळे किलकिले करायचे. ‘गुलमोहर’ केशरी उजेडात विरघळून जातं. पिवळा आणि केशरी हे रंग वेगळे असले, तरी त्यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला की हा दोष लगेच उघडा पडतो: अक्षरं आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेत येतात. अशा वेळी अक्षरांना काळी कड किंवा सावली देऊन वेळ मारून नेली जाते. तशी वेळ आली, तर नावामागचा रंग चुकला आहे असं समजावं. इथे वरचा भाग गडद निळा केला, तर तेच पिवळं नाव ठसठशीत दिसेल आणि दिव्याचा उजेडही खुलेल.

आता अंबाड्याकडे वळू. चित्रातल्या व्यक्तीचं डोकं नावावर आणण्याची पद्धत ‘टाइम’सारख्या इंग्रजी साप्ताहिकांनी रुळवली. त्यामुळे चित्राला खोली येते. रोमन अक्षरांची बरीचशी ओळख त्यांच्या वरच्या अर्ध्या भागात असते, म्हणून खालून डोकं आलं तरी नाव वाचता येतं. देवनागरीत वर शिरोरेषा, आणि ती सगळ्यांची सारखीच. ‘ग’, ‘ल’, ‘ह’ यांचे आकार रेषेखाली उलगडतात, उकार तर पार तळाशी लटकतो. आपल्या मुखपृष्ठावर अंबाडा नेमका ‘गु’वर आहे. उकार गेला, निम्मा ‘ग’ही गेला. जुन्या वाचकाला नाव पाठ असतं, तो सांभाळून घेईल. नव्या अंकाला मात्र ही चैन परवडत नाही.

यावर चित्र लहान करणं हा पहिला विचार सुचतो, पण मग दोन्ही कडांना कागद उघडा पडतो. चित्र नुसतं खाली सरकवलं, तर दिवा लेखकांच्या नावांखाली जातो. खरा उपाय चित्र काढून घेण्याआधीचा आहे: चित्रकाराला किंवा छायाचित्रकाराला सुरुवातीलाच सांगायचं, की वरचा पाव भाग शांत ठेवा, तिथे आकाश, भिंत, अंधार असं काहीही चालेल, चेहरा आणि बारीक नक्षी नको. हे विसरलं की नंतर ओढाताण होते. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या अंकासाठी गिझाच्या पिरॅमिडांचं आडवं छायाचित्र उभ्या मुखपृष्ठात बसवताना संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावरून मोठी टीका ओढवून घेतली. आपल्या चित्रात मात्र वरची निळी पार्श्वभूमी चित्रकाराकडूनच दीड इंच वाढवून घेता येईल. ते प्रामाणिकही आहे.

राहिली चौदा नावं. लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’सारखी ही यादी कुणालाही न दुखावण्यासाठी केलेली असते. सगळी सारखी असली, की गिऱ्हाईक एकही वाचत नाही. संपादकाने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: अनोळखी माणूस हा अंक कशासाठी उचलेल? समजा, अंकात कोकणातल्या बंद पडलेल्या शाळांवर मोठा लेख आहे. मग ‘कोकणातल्या शाळा कुणी बंद केल्या?’ ही ओळ मुख्य. ती अंकाच्या नावापेक्षा लहान, पण बाकीच्या ओळींच्या निदान दुप्पट. त्याखाली दोन दुय्यम ओळी: एक कथेची, एक मुलाखतीची. उरलेली नावं तळाच्या पट्टीत बारीक, नाहीतर थेट अनुक्रमणिकेत. दुरुस्तीनंतर मुखपृष्ठ तीन सेकंद कुणाला तरी दाखवावं आणि काय वाचलं ते विचारावं. अंकाचं नाव आणि मुख्य ओळ सांगितली, तर उतरंड जमली.

हे नियम सगळीकडे लागू पडत नाहीत. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चा वाचक त्यांच्या चित्रासाठी अंक घ्यायचा; तिथे ओळींची गर्दी चित्राच्या मुळावर आली असती. तेवढ्या ताकदीचं चित्र हाताशी नसेल, तर छपाईला पाठवण्याआधी अंकाचं नाव, नावामागची जागा आणि एक मुख्य ओळ एवढं तपासाच. हजारो प्रती छापून झाल्यावर दुरुस्तीला वाव राहत नाही.