पाकिटावरची भाषा (लेखांक ६) : स्टिकरखालचे शब्द

जर्मन बिस्किटांच्या पुड्याचा फोटो अनुवादासाठी आला आहे असे समजू. घटकांच्या यादीखाली ‘कान श्पुरेन फॉन’ हे शब्द आहेत, त्यापुढे दुकानदाराने चिकटवलेला किमतीचा स्टिकर, स्टिकरच्या कडेबाहेर ‘…न्युसन’ एवढी अक्षरे आणि शेवटी ‘एन्थाल्टन’. वाक्याचा साचा सरळ आहे: यात अमुकचे अंश असू शकतात. ते अमुक मात्र झाकले गेले आहे. ‘एर्डन्युसन’ असेल तर शेंगदाणे, ‘हाझेलन्युसन’ असेल तर हेझलनट, ‘वालन्युसन’ असेल तर अक्रोड. शेपूट तिन्हींचे एकच. युरोपीय संघाच्या १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत शेंगदाणा वेगळा आणि कवचफळे वेगळी मोजतात, कारण एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरे बाधतेच असे नाही. म्हणून अनुवादात ‘यात [किमतीच्या स्टिकरमुळे मजकूर दिसत नाही, शब्दाचा शेवट ‘न्युसन’] यांचे अंश असू शकतात’ असेच लिहायला हवे. नुसते ‘सुकामेवा’ लिहून वेळ मारून नेली, तर शेंगदाण्याची शक्यता वाचकाच्या डोळ्यांआड जाते.

यावर कोणी म्हणेल, वरची घटकांची यादी दिसते आहे ना, तिच्यावरून ताडा. पण ही ओळ बहुधा पाककृतीत नसलेल्या, कारखान्यात चुकून मिसळू शकणाऱ्या पदार्थांबद्दल असते. त्यामुळे यादीत हेझलनट असला, तरी झाकलेला शब्द तोच आहे असे ठरत नाही. शिवाय घटकांमधले अ‍ॅलर्जीकारक पदार्थ उठून दिसतील असे छापणे युरोपीय संघात सक्तीचे आहे, अंशांची सूचना मात्र उत्पादक स्वेच्छेने देतो. त्या सूचनेत कोणती नावे यावीत हे आपल्याला बाहेरून सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनुवादक अर्धवट शब्द नेहमीच पुरे करतो, मग इथेच सोवळे का? खरे आहे, आणि ते करावेही. ‘मिंडेस्टन्स हाल्टबा…’ एवढेच दिसले तरी पुढे ‘बिस’ येणार, कारण ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ हा ठरलेला साचा आहे. पण त्यापुढची तारीख साच्यातून निघत नाही. साचा भरता येतो, माहिती भरता येत नाही. आणि स्टिकरखाली काय गेले आहे, हे आधी ओळखणे हेच खरे काम.

पुड्यावर तोच मजकूर फ्रेंचमध्येही असेल, तर त्यावरून शब्द घ्यावा, मात्र ‘फ्रेंच मजकुरावरून’ अशी नोंद करून. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचे चित्र मात्र जुन्या किंवा दुसऱ्या देशासाठीच्या पाकिटाचे असू शकते. फोटो उजळवण्याचा खटाटोप चकाकी किंवा सावली असेल तर कामी येतो. अपारदर्शक कागदाखालचे अक्षर कॅमेऱ्यात आलेलेच नसते. स्टिकर सोलून काढलेला दुसरा फोटो मागवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सोलताना छपाई निघून आली, तर त्याच पदार्थाचा, त्याच आवृत्तीचा दुसरा पुडा.