विश्लेषण : एका खोक्याने आठ लाखांचा फरक! ‘जास्त खरेदी, जास्त सवलत’ या करारांत वाद का होतात?

कारखाने, वितरक आणि मोठे किरकोळ विक्रेते यांच्या पुरवठा करारांत एक कलम हमखास आढळते : वर्षभरात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल घेतला, तर पुरवठादार काही टक्के रक्कम परत देईल. दोन ओळींचे हे कलम सही करताना कुणालाच खटकत नाही. वर्ष संपून हिशेब मांडला जातो तेव्हा मात्र एकाच कलमातून दोन वेगवेगळे आकडे निघतात. हे कसे होते आणि ते कसे टाळता येते, याविषयी…

कलम नेमके काय म्हणते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक एका खाद्यपदार्थ कंपनीला पुठ्ठ्याचे खोके पुरवतो. एका खोक्याचा दर करवगळता ४० रुपये. करारातील वाक्य असे : ‘वार्षिक खरेदी ५ लाख खोक्यांपेक्षा जास्त झाल्यास ३ टक्के व १० लाखांपेक्षा जास्त झाल्यास ५ टक्के सवलत देय राहील.’ करार १ जुलैपासून लागू झाला. पहिल्या बारा महिन्यांत पुरवठादाराने १० लाख २० हजार खोक्यांची बिले केली. एकूण किंमत ४ कोटी ८ लाख रुपये.

दोघांच्या हिशेबात फरक कुठे पडतो?

खरेदीदार म्हणतो, १० लाखांचा टप्पा ओलांडला, म्हणजे वर्षातील पहिल्या खोक्यापासून सगळ्या मालाला ५ टक्के दर लागू झाला. याला पूर्वलक्षी दर म्हणतात. त्यानुसार ४ कोटी ८ लाखांवर सवलत होते २० लाख ४० हजार रुपये.

पुरवठादाराचे वाचन वेगळे. प्राप्तिकराच्या टप्प्यांप्रमाणे प्रत्येक दर फक्त त्या टप्प्यातील मालाला, असे तो समजतो. म्हणजे पहिल्या ५ लाख खोक्यांवर काही नाही, पुढच्या ५ लाखांवर (२ कोटी रुपये) ३ टक्क्यांनी ६ लाख आणि शेवटच्या २० हजार खोक्यांवर (८ लाख रुपये) ५ टक्क्यांनी ४० हजार. एकूण ६ लाख ४० हजार. फरक तब्बल १४ लाखांचा, आणि करारातील वाक्य दोन्ही अर्थांना जागा देते.

पूर्वलक्षी दर पुरवठादाराला किती महाग पडतो?

या पद्धतीत टप्प्याच्या सीमेवर कडा असतो. बरोबर १० लाख खोके घेतले तर ४ कोटींवर ३ टक्के, म्हणजे १२ लाख रुपये सवलत. त्यात फक्त एका खोक्याची भर पडली की सवलत २० लाखांवर जाते. उदाहरणातील शेवटच्या २० हजार खोक्यांचे बिल ८ लाख रुपयांचे. पण त्यांच्यामुळे सवलत १२ लाखांवरून २० लाख ४० हजारांवर गेली. म्हणजे पुरवठादाराने ते खोके फुकट दिले आणि वर ४० हजार रुपये मोजले. कागद, वीज, मजुरी यांचा खर्च निराळाच.

याचा परिणाम वागण्यावरही होतो. टप्पा जवळ आला की खरेदीदार वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गरजेपेक्षा जास्त माल मागवतो. सवलत मिळते, गोदाम भरते आणि पुढच्या तिमाहीत मागणी आटते. त्यातला काही माल नंतर परत आला तर तो कोणत्या वर्षाच्या खरेदीतून वजा करायचा, हा नवा वाद उभा राहतो.

‘वार्षिक’ म्हणजे कोणते वर्ष?

दराचा अर्थ ठरला तरी कालावधीचा प्रश्न उरतो. पुरवठादाराचे लेखे एप्रिल ते मार्च, करार मात्र जुलै ते जून. आर्थिक वर्ष धरले तर पहिल्या ‘वर्षात’ नऊच महिने येतात. मग टप्पेही त्या प्रमाणात कमी करायचे का?

त्याहून बारीक मुद्दा तारखेचा. ३० हजार खोके २९ जूनच्या बिलाने निघाले, पण खरेदीदाराच्या गोदामात आवक नोंद झाली २ जुलैला. बिलाची तारीख धरली तर खरेदी १० लाख २० हजार. आवकेची तारीख धरली तर ९ लाख ९० हजार, म्हणजे ३ टक्क्यांचाच टप्पा. पूर्वलक्षी दर मान्य केला तरी या हिशेबाने सवलत ११ लाख ८८ हजारांवर येते. एका ट्रकच्या प्रवासाने साडेआठ लाखांचा फरक पाडला. गंमत म्हणजे खरेदीदाराची स्वतःची संगणक प्रणाली आवकेच्या तारखेनेच खरेदी मोजत असते.

वस्तू व सेवा कराचा अडसर कोणता?

विक्रीनंतर दिलेल्या सवलतीवरील कर कमी करून घ्यायचा असेल तर पुरवठादाराला केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट काढावी लागते आणि खरेदीदाराला तेवढे इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावे लागते. अशी क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची मुदत, ज्या आर्थिक वर्षात माल पुरवला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर असते.

जुलै ते जून हे करारवर्ष दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते. जुलै २०२४ ते मार्च २०२५ या काळातील बिलांची मुदत फार तर ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत. एप्रिल ते जून २०२५ च्या बिलांना आणखी एक वर्ष. सवलतीचा आकडा जून संपल्याशिवाय कळत नाही. त्यावर पाच महिने भांडण चालले, तर नऊ महिन्यांच्या मालावरील कर कमी करण्याची संधी जाते. त्यानंतर सवलत देता येते, पण करवगळता. भरलेला कर पुरवठादाराच्या अंगावर राहतो.

वाद पेटतो कसा?

बहुतेकदा नोटिशीने नव्हे, तर कपातीने. खरेदीदार आपल्या हिशेबाची डेबिट नोट लावतो आणि पुढच्या बिलांतून रक्कम कापून घेतो. लघुउद्योजकाला हे कळते ते बँकेत कमी पैसे जमा झाल्यावर. ‘बोलणे असे झाले होते’ हा युक्तिवाद कोर्टात सहसा टिकत नाही, कारण लेखी कराराच्या शब्दांविरुद्ध तोंडी पुरावा साधारणपणे ग्राह्य धरला जात नाही. शब्दच संदिग्ध असतील तर मागील वर्षांचे हिशेब आणि ईमेल यांना महत्त्व येते. म्हणून आदल्या वर्षी कोणत्या पद्धतीने सवलत दिली, याचे कागद जपून ठेवावे लागतात.

मग कलम कसे लिहावे?

चार गोष्टी स्पष्ट हव्यात : दर सगळ्या मालाला की फक्त टप्प्यावरच्या मालाला, कालावधीची पहिली आणि शेवटची तारीख, माल कोणत्या तारखेने मोजायचा, आणि परत आलेला माल कोणत्या कालावधीतून वजा करायचा. उदाहरणातील कलम असे लिहिता आले असते : ‘१ जुलै ते ३० जून या काळातील तारखेच्या बिलांतील, परत आलेला माल वजा जाता उरलेल्या खोक्यांपैकी, ५ लाखांच्या पुढील ते १० लाखांपर्यंतच्या खोक्यांवर ३ टक्के आणि १० लाखांच्या पुढील खोक्यांवरच ५ टक्के सवलत, करवगळता किमतीवर देय राहील. ३० जूननंतर परत आलेला माल पुढील कालावधीतून वजा होईल.’

त्याखाली आकडे घालून सोडवलेले एक उदाहरण जोडले, तर अर्थाविषयी शंका उरत नाही. दर तिमाहीला दोघांनी खोक्यांच्या संख्येचा ताळा करून सही केली, तर जूनअखेर भांडायला आकडाच राहत नाही. आणि सहमतीशिवाय बिलातून कपात करता येणार नाही, ही ओळ पुरवठादाराने आग्रहाने घालून घ्यावी. ती मान्य करायला खरेदीदार का-कू करू लागला, तर त्याने कलमाचा कोणता अर्थ मनात धरला आहे, हे सही करण्याआधीच विचारून घेतलेले बरे.