पौंडांचं बिल, पौंडांतच वसुली

नाशिकच्या एका डिझायनरने लंडनच्या कंपनीला १,२०० पौंडांचं बिल दिलं, असं समजा. मुदत ३१ जुलै २०२५. ऑगस्ट उलटला, सप्टेंबर संपत आला, तरी पैशांचा पत्ता नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "अकाउंट्सने केव्हाच पाठवलेत."

इथे वाद घालत बसू नये. स्विफ्टने निघालेल्या रकमेला यूईटीआर हा ३६ खुणांचा क्रमांक असतो, तो मागावा. कंपनीला तो तिच्या बँकेकडून मिळतो आणि पैसे कुठे अडकलेत हे त्यावरून शोधता येतं. पुन्हा पुन्हा मागूनही क्रमांक येत नसेल, तर पैसे निघालेच नाहीत असं धरून चालावं.

मग स्मरणपत्र. त्यातला हिशोब फक्त पौंडांत मांडावा. मधल्या काळात पौंड घसरला असता, तरी रुपयांतला फरक मागण्यात अर्थ नाही. बिल पौंडांत दिलं तेव्हाच ती जोखीम आपण घेतली. आपली बँक रुपये करताना दरात जो हात मारते, तोही आपलाच खर्च.

वाटेतल्या बँकांचं मात्र वेगळं. पाठवताना खर्चाच्या रकान्यात SHA निवडलं, तर मधली बँक आपलं शुल्क रकमेतूनच कापते आणि १,२०० निघालेले १,१८२ होऊन पोचू शकतात. OUR निवडलं तर हा खर्च पाठवणाऱ्यावर जातो. 'पूर्ण १,२०० पौंड आमच्या खात्यात जमा व्हावेत' असं करारात किंवा बिलावर आधीच असेल, तर उरलेले १८ ठामपणे मागावेत. नसेल तर माझ्या मते सोडून द्यावेत.

उशिराचं व्याज किती? ब्रिटनच्या १९९८च्या कायद्यानुसार व्यावसायिक थकबाकीवर बँक ऑफ इंग्लंडच्या दराच्या वर ८ टक्के लावता येतात. जुलै ते डिसेंबर २०२५साठी ३० जूनचा ४.२५ टक्के दर धरायचा, म्हणजे वर्षाला १२.२५ टक्के. २९ सप्टेंबरपर्यंत ६० दिवसांचे होतात २४.१६ पौंड. शिवाय १,००० ते १०,००० पौंडांखालच्या बिलाला एकरकमी ७० पौंड. एकूण ९४.१६.

पण करार इंग्लंडच्या कायद्याखाली असेल तरच हा आधार पक्का. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर सेवा देणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा लागू होण्याचीच शक्यता जास्त. म्हणून व्याजाचा दर करारातच लिहावा, तोही बेताचा. महिना पाच टक्के वगैरे लिहून भागत नाही: भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ खाली, दंड कितीही लिहिला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं.

पत्रात १,२०० आणि ९४.१६ हे आकडे वेगळे दाखवावेत आणि सात दिवसांत मुद्दल पूर्ण आलं तर व्याज माफ, असं तारखेनिशी लिहावं. चांगलं गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर ९४ पौंड सोडणं परवडतं; मुद्दलात सूट देणं परवडत नाही.