वीस हजारांची रोख आणि दोन बिलं

गेल्या वर्षी २० मार्चच्या रात्री माझ्या मेहुण्याच्या आईला दवाखान्यात दाखल करावं लागलं. काउंटरवर वीस हजार डिपॉझिट मागितलं आणि स्वाइप मशीन बंद होतं. समोरच एटीएम होतं. खात्यात पैसे कमी होते, म्हणून त्याने क्रेडिट कार्ड घातलं, पिन टाकला आणि वीस हजार काढून भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मेडिकलमधून ६,४०० रुपयांची औषधं त्याच कार्डावर घेतली. १२ एप्रिलला बिल आलं. ते घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दाजी, मी अजून एकही हप्ता चुकवलेला नाही, मग हे व्याज कशाचं?"

मी बिल पुढ्यात घेतलं. औषधांची एकच ओळ होती, ६,४०० रुपयांची. रोख काढल्याच्या मागे मात्र चार ओळी लागल्या होत्या. आधी रोखीचे २०,०००. त्याखाली कॅश ॲडव्हान्स फी, ५०० रुपये. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. मग फायनान्स चार्जेस म्हणून ५२९ रुपये ३२ पैसे, आणि त्यावरही जीएसटी, ९५ रुपये २८ पैसे. म्हणजे वीस हजारांचे बिलाच्या तारखेलाच २१,२१४ रुपये ६० पैसे झाले होते.

फी समजायला सोपी आहे. आपल्याकडे बऱ्याच कार्डांवर काढलेल्या रकमेच्या अडीच टक्के किंवा कमीत कमी ५०० रुपये, यातलं जे जास्त असेल ते घेतात. वीस हजारांवर दोन्ही हिशेब ५०० वरच येतात. पण त्याने दोनच हजार काढले असते तरी ५०० गेलेच असते, म्हणजे रकमेचा चौथा हिस्सा. लहान रकमेला ही फी फार जड जाते, आणि गंमत म्हणून पाचशे-हजार काढून पाहणाऱ्यांना हे माहीत नसतं. परदेशातल्या एटीएमवर चलनबदलाचा आकार याच्यावर आणखी चढतो.

खरा घोळ व्याजात आहे. दुकानात कार्ड वापरलं की बिल निघेपर्यंतचे दिवस आणि बिलानंतर भरण्याच्या तारखेपर्यंतचे दिवस बिनव्याजी मिळतात; पूर्ण बिल वेळेवर भरलं तर. ४५ ते ५० दिवसांच्या ज्या सवलतीची जाहिरात होते, ती हीच. रोखीला हे दिवस मिळतच नाहीत. ज्या दिवशी नोटा हातात पडल्या, त्या दिवसापासून मीटर चालू होतो. कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. दुकानात कार्ड चाललं की दुकानदार बँकेला काही टक्के देतो आणि आपल्या बिनव्याजी दिवसांचा खर्च त्यातून निघतो. एटीएममध्ये दुकानदारच नसतो. उलट दुसऱ्या बँकेचं मशीन वापरल्याबद्दल कार्डाच्या बँकेलाच त्या बँकेला पैसे द्यावे लागतात. सगळा भार मग कार्डवाल्यावर येतो. म्हणूनच बहुतेक कार्डांवर रोखीला रिवॉर्ड पॉइंटही मिळत नाहीत, आणि एकूण मर्यादेचा एक भागच रोख म्हणून काढता येतो.

मेहुण्याच्या कार्डावर दर महिन्याला साडेतीन टक्के होता. ऐकायला तो लहान वाटतो, पण वर्षाला ४२ टक्के होतो. वीस हजारांवर वर्षाचे ८,४००, त्याला ३६५ ने भागलं की रोजचे २३ रुपये. २० मार्च ते १२ एप्रिल २३ दिवस झाले, म्हणून ५२९. एवढा हिशेब मांडला तेव्हा त्याचा चेहरा जरा निवळला.

पण मी त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली, कारण याच ठिकाणी माणसं बँकेशी भांडायला जातात. बिलाची भरण्याची तारीख १ मे होती. त्याने त्या दिवशी औषधांसकट सगळी रक्कम, २७,६१४ रुपये ६० पैसे, भरली. एक पैसाही बाकी ठेवला नाही. तरी १२ मेच्या बिलात परत फायनान्स चार्जेस आले, ४३७ रुपये २६ पैसे, आणि जीएसटी ७८ रुपये ७१ पैसे. बँकेची चूक नव्हती. १२ एप्रिलला बिल छापलं, तेव्हा व्याज त्या दिवसापर्यंतचंच मोजलं होतं. पैसे १ मेला पोहोचले. मधल्या १९ दिवसांचं व्याज कुठल्या तरी बिलात यायचंच होतं, ते पुढच्यात आलं. हे मागे राहिलेलं व्याज बिलावर पाहून घोटाळा समजू नये. पण पैसे भरल्याच्या तारखेनंतरचे दिवस त्यात मोजलेले दिसले, तर मात्र नक्की विचारावं. १२ मेचं बिल भरून टाकल्यावर त्या रोखीची ओळ पुढे कुठे दिसली नाही.

एकूण बेरीज केली तर वीस हजार ४२ दिवस वापरण्याचे १,७३० रुपये पडले. औषधांच्या ६,४०० वर ४१ दिवसांत व्याज एक रुपयाही नाही. कार्ड तेच, बिल तेच.

मग करायचं काय होतं? बिलाची वाट पाहायची नव्हती. फी एकदाच लागते आणि ती टळत नाही, पण व्याज रोज धावतं आणि ते थांबवता येतं. २२ मार्चला त्याच्या पगाराचे पैसे आले होते. त्याच दिवशी वीस हजार कार्डात टाकले असते, तर दोन दिवसांचे ४६ रुपये व्याज आणि त्यावरचा जीएसटी एवढ्यावर काम भागलं असतं. यात एक अडचण मात्र आहे. १२ मार्चचं आधीचं बिल भरायचं राहिलं असेल, तर अनेक बँकांमध्ये आलेले पैसे आधी त्या बिलात जिरतात आणि रोखीचा आकडा तसाच उभा राहतो. म्हणून आधीचं बिल आणि रोख, दोन्हींची बेरीज करून भरावी लागते.

आणि अर्धवट भरणाऱ्यांचं तर आणखी बिघडतं. मेहुण्याने नुसती किमान रक्कम भरली असती, तर बिनव्याजी सवलत औषधांचीही गेली असती आणि त्या ६,४०० वर २१ मार्चपासून व्याज लागलं असतं. अशा वेळी आलेले पैसे आधी खरेदीवर जातात की रोखीवर, हे बँकेबँकेनुसार वेगळं असतं. कार्डाबरोबर मिळणाऱ्या महत्त्वाच्या अटींच्या कागदात हा क्रम लिहिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न भरलेले आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याजावर व्याज लावता येत नाही. बिलात तसं दिसलं तर तक्रार करण्याचा हक्क आहे.

मेहुण्याने त्या रात्रीची एटीएमची पावती पाकिटात जपून ठेवली होती. त्यावर रक्कम आणि वेळ होती, फी किंवा व्याजाचा एक शब्द नव्हता.