अक्षरे सगळी बरोबर, क्रम मात्र चुकीचा

धामणगाव रेल्वेच्या आसपास पावसाळ्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की पेपरात काळजीची चौकट छापून येते. कुणीतरी तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ते फोटोतला मजकूर मोबाइलकडूनच मोठ्याने वाचून घेतात. मोबाइल फोटोतली अक्षरे ओळखतो, त्यांचा मजकूर करतो आणि आवाजात ऐकवतो. छपाई ठळक असेल तर मराठी अक्षरे आता बऱ्यापैकी बिनचूक ओळखली जातात. घोटाळा होतो तो दुसरीकडेच. कोणते वाक्य कशानंतर वाचायचे, हे यंत्राला फोटोवरून ठरवावे लागते, आणि पेपरचे पान काही वहीच्या पानासारखे वरून खाली सरळ वाचत जायचे नसते.

हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले होते. अशा प्रसंगी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे सांगणाऱ्या कात्रणात दोन ओळींची अदलाबदल झाली तर काय होईल, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, कात्रणात वर दोन्ही कॉलमभर मथळा आहे, ‘फवारणीतून विषबाधा झाल्यास’. त्याखाली बारीक अक्षरात ‘प्रतिनिधी, धामणगाव रेल्वे’. मग बातमी, आणि तळाशी दोन कॉलमांची चौकट. चौकटीच्या डाव्या कॉलमवर शीर्षक ‘हे करा’ आणि खाली तीन मुद्दे: औषध लागलेले कपडे उतरवणे, त्वचा साबणपाण्याने धुणे, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत नेणे. उजव्या कॉलमवर ‘हे टाळा’ आणि खाली: मीठपाणी पाजून उलटी करवणे, रुग्णाला एकटे सोडणे, डॉक्टरांकडे जायला उशीर करणे.

माणूस हे बघताक्षणी डावा कॉलम वरून खाली वाचतो आणि मग उजवीकडे वळतो. यंत्राने आडवे वाचले तर मात्र असे ऐकू येते: ‘हे करा, हे टाळा. औषध लागलेले कपडे उतरवणे. मीठपाणी पाजून उलटी करवणे. त्वचा साबणपाण्याने धुणे. रुग्णाला एकटे सोडणे.’ यात एकही अक्षर चुकलेले नाही. प्रत्येक तुकडा व्याकरणाने शुद्ध आहे, ऐकणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही. आणि कपडे उतरवण्याच्या पाठोपाठ उलटी करवायचा सल्ला कानावर पडतो. कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवायची नसते; उलटीतले औषध फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो.

असे का होते? पान वाचणारी बरीच जुनी-नवी तंत्रे पानावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर भिस्त ठेवतात. त्यातली सर्वांत सोपी रीत अशी. आधी फोटो काळा-पांढरा करायचा. मग पान आरपार कापणारी सर्वांत रुंद पांढरी पट्टी शोधायची, आडवी किंवा उभी, आणि तिथे पानाचे दोन तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच, कापण्याजोगी पट्टी उरत नाही तोवर. आडवा काप असेल तर वरचा तुकडा आधी, उभा असेल तर डावा आधी. मथळ्याखाली आडवी पट्टी मिळते म्हणून मथळा सुटून पहिला येतो. खालच्या मजकुरात ओळींमधली जागा जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर असते आणि कॉलममधली जागा चारेक मिलिमीटर, म्हणून उभा काप आधी पडतो. सलग बातमीत ही युक्ती छान चालते.

चौकटीत तीच उलटते. मुद्दे सुटसुटीत दिसावेत म्हणून त्यांच्यात जास्त जागा सोडलेली असते, समजा सहा मिलिमीटर. डावीकडचे आणि उजवीकडचे मुद्दे एकाच रेषेत मांडलेले असले की ही सहा मिलिमीटरची पट्टी दोन्ही कॉलमांतून आरपार जाते. कॉलममधली पट्टी चारच मिलिमीटरची. यंत्र नियमानेच चालते, पण आधी आडवे कापते. मग प्रत्येक ओळीत एक ‘करा’ आणि एक ‘टाळा’ शेजारी शेजारी पडतात.

यंत्राला सरसकट ‘उभे वाच’ असे सांगून टाकावे, तर तेही चालत नाही. त्याच पेपरात बाजार समितीच्या भावांचा तक्ता असतो: शेतमाल, आवक, किमान भाव, कमाल भाव. तो आडवाच वाचायला हवा. उभा वाचला तर आधी कापूस, तूर, सोयाबीन अशी नुसती नावे आणि मग नुसत्या आकड्यांची माळ ऐकू येईल. नुसत्या पांढऱ्या जागेवरून पाहिले तर भावांचा तक्ता आणि ‘करा-टाळा’ची चौकट जवळजवळ सारखी दिसतात. त्यांतला फरक शब्दांच्या अर्थात आहे. मराठी पत्रकारितेच्या पहिल्या पानांपासून ही गोम आहे म्हणा ना! बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये एका कॉलमात इंग्रजी आणि शेजारच्या कॉलमात मराठी मजकूर असे. तिथे दुसरा कॉलम पहिल्याचा पुढचा भाग नसून त्याचा जोडीदार आहे.

आता फोटोच्या तिरकेपणाबद्दल. वीस सेंटिमीटर उंचीच्या कॉलमांमध्ये चार मिलिमीटरची उभी पट्टी आहे असे धरा. पान एक अंशाहून थोडेसे जास्त तिरके झाले, की वरून सरळ खाली सोडलेली रेघ तळाशी पोहोचेपर्यंत चार मिलिमीटर सरकते आणि शेजारच्या कॉलमच्या अक्षरांवर आपटते. पट्टी सरळ शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ती नाहीशीच झाली. दोन अंश तिरके असेल तर दहा सेंटिमीटर रुंदीत ओळ साडेतीन मिलिमीटर वर किंवा खाली जाते, म्हणजे जवळजवळ एक अख्खी ओळ. मग आडवे वाचताना डाव्या कॉलमच्या पाचव्या ओळीला उजव्याची चौथी किंवा सहावी चिकटते. हातात धरलेल्या पेपरचा उभ्याउभ्या काढलेला फोटो दोन अंश सहज तिरका येतो. देवनागरीची एक गोष्ट इथे मदतीला येते. शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळीवर ठळक आडवी काळी रेघ असते, तिच्यावरून तिरकेपणा मोजून पान सरळ करता येते. घडी पडलेल्या किंवा फुगलेल्या कागदावर मात्र रेघच वाकडी, तिथे हा उपाय अपुरा पडतो.

मथळा आणि बातमीदाराची ओळ यांचे दुखणे वेगळे. मथळा सगळ्या कॉलमांवर पसरलेला असेल तर प्रश्न नाही. तीन कॉलमांच्या बातमीत तो दोनच कॉलमांवर असला आणि तिसरा कॉलम त्याच्या शेजारून वर गेलेला असला, की मथळ्याखालची आडवी पट्टी आरपार जात नाही. मग तिसरा कॉलम कधी दुसऱ्याच बातमीचा समजला जातो, तर कधी मथळ्याचे शब्द त्याच्या पहिल्या ओळींत मिसळतात. ‘प्रतिनिधी, धामणगाव रेल्वे’ ही ओळ पहिल्या कॉलमच्या डोक्यावर, आणि शेजारीच फोटोखालची ओळ असेल तर दोन्ही एकत्र होऊन फोटोतला माणूस बातमीदार बनतो. गावाचे नावही तुटते. अरुंद कॉलममध्ये ‘धामणगाव’ ओळीच्या शेवटी आणि ‘रेल्वे’ पुढच्या ओळीत गेले, मधे शेजारच्या कॉलमचे शब्द घुसले, की उरते नुसते धामणगाव. आणि अमरावती जिल्ह्यातच धामणगाव गढीही आहे.

चूक झाली आहे हे ओळखायचे कसे? सलग बातमीत मराठी स्वतःच चुगली करते. आपले क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. ‘रुग्णाला उलटी’ इथे एक ओळ संपली आणि ‘करवू नये’ पुढच्या ओळीत असले, तर क्रम बिघडताच ‘करवू नये’ भलत्याच वाक्याला जाऊन चिकटते आणि वाक्य वेडेवाकडे ऐकू येते. असे वेडेवाकडे वाक्य ऐकणारा थांबतो, पुन्हा पाहतो. तपासायची जागा म्हणजे कॉलमचा सांधा: पहिल्या कॉलमचे शेवटचे दोन-तीन शब्द आणि दुसऱ्याचे पहिले दोन-तीन शब्द जोडून वाचा. वाक्य जुळले तर क्रम बहुधा बरोबर आहे. चौकटीला ही कसोटी लागू पडत नाही, कारण तिथे प्रत्येक मुद्दा स्वतंत्र असतो आणि सांधाच नसतो. तिथे एकच पाहायचे: दोन शीर्षके लागोपाठ ऐकू आली का? ‘हे करा, हे टाळा’ असे एकामागोमाग आले, की पुढचे काहीही धरून चालू नये.

घरच्या घरी सर्वांत भरवशाचा उपाय यंत्राला निवडीची संधीच न देण्याचा आहे. कात्रण टेबलावर सपाट ठेवा, एक कोरा कागद घेऊन बाकीचे कॉलम झाका आणि वरून फोटो काढा. पहिला फोटो मथळा आणि बातमीदाराच्या ओळीचा, पुढचा पहिल्या कॉलमचा, मग दुसऱ्याचा, आणि चौकटीच्या प्रत्येक बाजूचा तिच्या शीर्षकासह वेगळा. चार-पाच फोटो होतात, पण प्रत्येकात एकच कॉलम असतो. आधीच काढलेला फोटो आलेला असेल तर तो कापून हेच करता येते. मोबाइलच्या फोटो अॅपमधली कापण्याची सोय पुरेशी आहे.

शाळेत किंवा वाचनालयात जुनी कात्रणे संगणकावर उतरवणारे टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्राम वापरतात. त्यात पानाची मांडणी कशी आहे हे एका आकड्याने सांगता येते. ३ म्हणजे मांडणी तूच शोध, ६ म्हणजे हा एकच सलग मजकूर आहे. दोन कॉलमांच्या अख्ख्या कात्रणाला ६ दिले तर ते हमखास आडवे वाचले जाते. कापलेल्या एकेका कॉलमला मात्र ६ च योग्य:

```
tesseract column1.png column1 -l mar --psm 6
```

एका बाबतीत यातला कोणताच उपाय चालत नाही. बातमीच्या तळाशी ‘पान ४ वर’ असे छापलेले असेल आणि कात्रण पहिल्या पानाचेच असेल, तर यंत्र ते दोन शब्द इमानाने वाचून थांबते. विषबाधेच्या बातमीत ‘काय टाळावे’ हा भाग त्या चौथ्या पानावर असू शकतो. कात्रण पाठवणाऱ्याला फोन करून दुसरा तुकडा मागवावा लागतो.