चुकलेली मुलाखत आणि तिचा खुलासा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून मुलाखत घेण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे, आणि ठरल्या वेळी उमेदवार हजरच झाला नाही असा प्रसंग नोकरभरतीचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. या गैरहजेरीमागे नेहमीच अनास्था असते असे नाही. अपघात, घरातील वडीलधाऱ्याचे अकस्मात दुखणे, क्वचित मृत्यू, अशी खरीखुरी आपत्ती तिच्या मुळाशी असू शकते. अशा उमेदवाराने मागाहून जो क्षमायाचनेचा मजकूर पाठवावयाचा, त्याविषयी एक समजूत सुशिक्षितांमध्येही इतकी घट्ट रुजली आहे, आणि ती इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, की तिचा समाचार घेणे मला आता अपरिहार्य वाटते. ती समजूत अशी : संकट जितके भयंकर आणि त्याचे वर्णन जितके तपशीलवार, तितकी क्षमा हमखास.

या समजुतीपायी काय घडते ते पाहा. उमेदवार रात्री बसून दीर्घ मजकूर लिहितो. वडिलांच्या छातीत केव्हा दुखू लागले, रिक्षा कशी मिळेना, पहिल्या रुग्णालयात खाट कशी शिल्लक नव्हती, दुसऱ्यात डॉक्टरांनी काय सांगितले, आईची अवस्था काय झाली, हे सारे तो क्रमवार मांडतो. हृदयालेखाचे छायाचित्र आणि दाखल केल्याची पावती जोडतो. आणि शेवटी ‘तरी कृपया मला क्षमा करावी व आणखी एक संधी द्यावी’ असे लिहून थांबतो. त्याचे दुःख खरे असते आणि त्याचा शब्दन् शब्द प्रामाणिक असतो. परंतु ज्या व्यक्तीला तो मजकूर वाचून पुढील कार्यवाही करावयाची आहे, तिच्या उपयोगाचे त्यात जवळजवळ काहीच नसते.

ती व्यक्ती कोण, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. मुलाखत घेणारे तज्ज्ञ निराळे असतात आणि मुलाखतीची वेळ जुळवणारा भरती-विभागातील कर्मचारी निराळा असतो. खुलासा बहुधा या दुसऱ्याच्या हाती पडतो. एका पदासाठी तो अनेक उमेदवार हाताळत असतो, आणि दोन तज्ज्ञांच्या मोकळ्या वेळा एकत्र आणण्याची खटपट त्याने आधीच एकदा केलेली असते. तज्ज्ञ दहा-पंधरा मिनिटे वाट पाहून निघून जातात आणि नोंदीत ‘उमेदवार गैरहजर’ असा शेरा पडतो. तो शेरा बदलून पुन्हा मुलाखत ठरवावयाची असेल, तर त्याला तज्ज्ञांपुढे दोन ओळींत सांगता येईल असे काहीतरी हवे असते : काय झाले, उमेदवाराला अजून हे पद हवे आहे काय, आणि तो आता निश्चित केव्हा हजर राहू शकेल. दीर्घ कैफियतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दहापट मिळते आणि उरलेल्या दोहोंचे मिळतच नाही.

क्षमायाचनेचा कोणता भाग ऐकणाऱ्यावर किती परिणाम करतो, याचा अभ्यास झालेला आहे आणि तो आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी यांनी बेथ पोलिन व रॉबर्ट लाउंट यांच्यासह २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकूण ७५५ व्यक्तींना, आपण लेखापालाच्या पदासाठी माणूस निवडत आहोत, अशी कल्पना करावयास सांगितले होते. त्या कल्पित उमेदवाराने पूर्वीच्या नोकरीत एका अशिलाचे करविवरण चुकीचे भरले होते, आणि त्याबद्दलची त्याची क्षमायाचना कितपत परिणामकारक वाटते, हे ठरवावयाचे होते. संशोधकांनी क्षमायाचनेचे सहा घटक मानले : खेद, घटनेचे स्पष्टीकरण, जबाबदारीचा स्वीकार, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. त्यांत सर्वांत प्रभावी ठरला तो जबाबदारीचा स्वीकार, त्याखालोखाल भरपाईची तयारी; स्पष्टीकरण मधल्या पायरीवर राहिले, आणि ‘मला क्षमा करा’ ही विनंती सर्वांत शेवटी. हे प्रयोग कल्पित प्रसंगावर आणि लिखित मजकुरावर झाले होते, आणि तेथील चूक मुलाखत चुकवण्याची नव्हती, ही मर्यादा मान्य करावीच लागेल. तथापि, ज्या दोन घटकांवर आपले उमेदवार सारी शाई खर्च करतात, ते दोन्ही त्या क्रमवारीत वर नाहीत, एवढे तरी त्यावरून दिसते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला यात मुलाची कसली जबाबदारी? त्याने कशाचा स्वीकार करावयाचा? उत्तर असे की, घडलेली आपत्ती आणि तिचा दुसऱ्यावर झालेला परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. झटक्याची जबाबदारी कोणाचीच नाही. परंतु दोन माणसे पडद्यासमोर ताटकळत बसली, त्यांना कोणी काही कळवले नाही, त्यांचा राखून ठेवलेला वेळ वाया गेला, हे उमेदवाराच्या बाजूने घडले. आणि ते न कळवण्याला सबळ कारण होते म्हणून ते घडलेच नाही असे होत नाही. ‘अपरिहार्य कारणामुळे मुलाखत होऊ शकली नाही’ असे लिहिणारा मनुष्य स्वतःला त्या वाक्यातून वगळतो; ‘मी हजर राहिलो नाही व आपणांस वेळेत कळवूही शकलो नाही’ असे लिहिणारा त्यात उभा राहतो. पहिले वाक्य अधिक शिष्टसंमत आहे, असे मला कितीदा तरी ऐकवले गेले आहे. ते तसे नाही, आणि वाचणाऱ्याला हा भेद तत्काळ जाणवतो.

एक प्रसंग तपशिलाने मांडून पाहू. समजा, सांगलीचा एक तरुण पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीच्या पदासाठी उमेदवार आहे आणि मंगळवारी सकाळी साडेअकराला त्याची व्हिडिओ कॉलवर मुलाखत आहे. सव्वादहाला वडिलांच्या छातीत कळ येते. तो त्यांना रुग्णालयात नेतो. फोन घरीच राहतो. सायंकाळी पाच वाजता वडील अतिदक्षता विभागात स्थिर आहेत आणि फोन त्याच्या हातात आहे. त्याने मुलाखतीचे निमंत्रण ज्या ईमेलने आले होते त्यालाच उत्तर द्यावे, म्हणजे पूर्वीचा सारा पत्रव्यवहार वाचणाऱ्यासमोर राहतो. आणि पुढील मजकूर लिहावा :

‘महोदया, आज मंगळवारी सकाळी ११:३० वाजता सॉफ्टवेअर तपासणीच्या पदासाठी ठरलेल्या मुलाखतीस मी हजर राहिलो नाही आणि आपणांस तसे कळवूही शकलो नाही. आपण व दोन्ही तज्ज्ञ माझी वाट पाहत राहिलात, याबद्दल मी दिलगीर आहे. सकाळी सव्वादहाला माझ्या वडिलांना हृदयविकारामुळे रुग्णालयात न्यावे लागले आणि त्या घाईत फोन घरी राहिला. आता त्यांची प्रकृती स्थिर आहे. या पदासाठी मी पूर्वीइतकाच उत्सुक आहे. शुक्रवारी दुपारी ३ ते ६ किंवा सोमवारी सकाळी १० ते १ या वेळात मी निश्चित उपलब्ध आहे. तज्ज्ञांना या वेळा गैरसोयीच्या असतील तर त्यांच्या सोयीप्रमाणे पुढील आठवड्यातील वेळ कळवावी. मुलाखत पुन्हा घेणे शक्य नसल्यास तेही मी समजू शकतो.’

खाली नाव आणि दूरध्वनी क्रमांक. आपत्तीला यात एकच वाक्य मिळाले आहे आणि ते पुरेसे आहे. दिलगिरी नेमक्या कशाची, हे स्पष्ट आहे. दोन निश्चित वेळा दिल्यामुळे वाचणाऱ्याला लगेच तज्ज्ञांना विचारता येते, आणि भरपाई म्हणून उमेदवाराच्या हाती असलेली गोष्ट नेमकी हीच आहे. बुधवार आणि गुरुवार त्याने मुद्दाम टाळले आहेत, कारण त्या दोन दिवसांत वडिलांवर कोणते उपचार होतील हे त्याला ठाऊक नाही. उत्साह दाखवण्यासाठी उद्याचीच वेळ मागून ती पुन्हा चुकवणे, किंवा रुग्णालयाच्या गोंगाटात कानाला फोन लावून मुलाखत देणे, हे पहिल्या गैरहजेरीहून अधिक हानिकारक आहे. पहिल्या गैरहजेरीला कारण होते. दुसरीला ते सांगता येत नाही.

लांबलचक वर्णनाचा आणखी एक तोटा सांगितलाच पाहिजे. जितके तपशील अधिक, तितकी वाचणाऱ्यावर त्यांची शहानिशा करण्याची किंवा सहानुभूती व्यक्त करण्याची सक्ती अधिक, आणि या दोन्हींपैकी एकही त्याचे काम नव्हे. त्यातही आजारी माणसाचे वैद्यकीय कागद एका अनोळखी कचेरीच्या दप्तरात जाऊन पडतात, तेही त्या माणसाला न विचारता. हे कागद न मागता पाठवणे योग्य नाही.

आता किरकोळ गैरसमज.

‘वेळ टळून गेली, आता कळवून काय उपयोग?’ उपयोग आहे. न कळवल्यास ‘गैरहजर’ हा शेरा कायम राहतो, आणि त्याच कंपनीत पुढे अर्ज केला तर तो पुन्हा डोळ्यांसमोर येऊ शकतो.

‘खुलासा उमेदवारानेच केला पाहिजे.’ पहिली सूचना भावाने किंवा मैत्रिणीने दोन ओळींत दिली तरी चालते. पूर्ण खुलासा मात्र शुद्ध आणि स्वास्थ्य येताच स्वतः करावा.

‘पुराव्यावाचून कोणी विश्वास ठेवत नाही.’ बहुतेक ठिकाणी पुरावा मागितलाच जात नाही. मागितल्यास देईन, इतके मनात असू द्यावे.

‘मी केव्हाही उपलब्ध आहे, असे लिहिणे नम्रपणाचे.’ त्यामुळे वेळ शोधण्याचे ओझे पुन्हा समोरच्यावरच पडते. परदेशी कंपनी असल्यास वेळेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ असेही लिहावे.

‘खरे कारण साधे असेल तर मोठे सांगावे.’ नसलेला मृत्यू सांगून मिळवलेली नोकरी त्या असत्याच्या आधाराने रोज करावी लागते. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

‘उत्तर येईपर्यंत फोन करीत राहावे.’ दोन-तीन कामकाजाचे दिवस जाऊ द्यावेत, एकदा आठवण द्यावी आणि मग थांबावे.

‘खुलासा चांगला असला की दुसरी मुलाखत मिळतेच.’ हा शेवटचा गैरसमज सर्वांत निष्ठुरपणे तुटतो. खासगी कंपनीत ती समोरच्याची मुभा आहे, उमेदवाराचा अधिकार नव्हे. त्या मधल्या दिवसांत पद भरलेही गेले असेल. सार्वजनिक सेवांत तर मुभाही थोडी : संघ लोकसेवा आयोग व्यक्तिमत्त्व चाचणीची कळवलेली तारीख व वेळ बदलण्याची विनंती सामान्यतः स्वीकारत नाही. म्हणून खुलाशाकडे संधी परत मिळवण्याचा मंत्र म्हणून पाहू नये. आपल्यासाठी थांबलेल्या माणसांना आपण का आलो नाही हे थोडक्यात, खरेपणाने आणि त्यांच्या सोयीचा विचार करून सांगणे, हे त्यांचे आपल्यावरचे देणे आहे; आणि मुलाखत पुन्हा ठरली नाही तरी ते देणे फिटलेच पाहिजे.